सरकारवरील दाव्यापूर्वीची नोटीस : शब्दांतील दोष आणि काळाचा दोष



वकिली सुरू करून मला जेमतेम तीन वर्षे झाली होती, तेव्हा माझ्या हातून एक चूक घडली. तीच आजच्या विषयाचे खरे मूळ आहे, म्हणून तिच्यापासूनच मी आरंभ करतो. एका वृद्ध शेतकऱ्याच्या विहिरीलगत शासनाच्या एका खात्याने चर खणला, त्यामुळे विहिरीचा एक काठ ढासळला, आणि नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी तो गृहस्थ माझ्याकडे आला. मी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे नोटीस लिहिली. हकीकत सविस्तर मांडली, मागणीची रक्कम अक्षरी व अंकी नमूद केली, आणि ज्या अभियंत्याच्या देखरेखीखाली काम झाले त्याच्या कार्यालयात ती नोटीस पोचती करून सही-शिक्क्यानिशी पोच घेतली. काम त्याने केले, तेव्हा नोटीसही त्यालाच, असा माझा साधा हिशेब होता. दावा मात्र मी राज्य शासनावर लावला होता. शासनाच्या कैफियतीत पहिलाच आक्षेप असा आला की, राज्य शासनाविरुद्धची नोटीस शासनाच्या सचिवाकडे किंवा जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्याकडे द्यावयाची असते आणि प्रस्तुत नोटीस त्या दोहोंपैकी एकाच्याही दप्तरी नाही. आक्षेप खरा होता. दावा गेला. तोवर मुदतही संपत आली होती, आणि त्या वृद्धाने पुन्हा कोर्टाची पायरी चढण्याचे नाकारले. त्याने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि त्यामुळेच ती गोष्ट आजतागायत माझ्या मनातून गेलेली नाही.

त्या दिवसापासून कलम ८० हे मी केवळ अडसर म्हणून न वाचता, ते कशासाठी घातले असावे असा प्रश्न मनाशी धरून वाचू लागलो. दोन खाजगी माणसांतील तंट्यात वादीने आगाऊ सूचना दिलीच पाहिजे असा सर्वसाधारण नियम नाही. मग शासनापुरताच तो का? याचे उत्तर शासनाच्या थोरवीत शोधू नये, ते त्याच्या रचनेत आहे. खाजगी प्रतिवादीला आपण काय केले हे स्वतःलाच ठाऊक असते. शासन ही मात्र अशी व्यक्ती आहे की जिचा हात तालुक्यात असतो, दप्तर जिल्ह्यात असते आणि तडजोडीचा अधिकार मंत्रालयात असतो. तलाठ्याने अथवा उपअभियंत्याने केलेली गोष्ट ज्याच्या संमतीने मिटू शकते, त्या अधिकाऱ्याच्या कानावर ती जाण्यासच काही काळ लागतो. हा काळ कायद्याने दोन महिन्यांचा ठरविला. त्या अवधीत मूळ नस्ती मागवावी, विधी अधिकाऱ्याचे मत घ्यावे, मागणी न्याय्य दिसली तर ती पुरवून जनतेच्या पैशाचा कोर्टखर्च वाचवावा, आणि अन्याय्य दिसली तर तसे कारणांसह कळवावे, एवढाच या तरतुदीचा हेतू आहे. १८७७ आणि १८८२ च्या संहितांत ती कलम ४२४ म्हणून होती, आणि १९०८ च्या संहितेत कलम ८० म्हणून आली.

नोटिशीत काय असावे याची यादी लहान आहे. दाव्याचे कारण, वादीचे नाव, त्याचे वर्णन व राहण्याचे ठिकाण, आणि मागितलेली दाद, एवढेच. ती केंद्र शासनाविरुद्ध असेल तर त्या शासनाच्या सचिवाकडे, रेल्वेसंबंधी असेल तर त्या रेल्वेच्या महाव्यवस्थापकाकडे, राज्य शासनाविरुद्ध असेल तर सचिवाकडे किंवा जिल्हाधिकाऱ्याकडे, आणि सरकारी अधिकाऱ्याविरुद्ध त्याने अधिकारपदाच्या नात्याने केलेल्या कृत्याबद्दल असेल तर त्याच्याकडे द्यावी किंवा त्याच्या कार्यालयात ठेवावी. शिवाय अशी नोटीस दिली आहे असे विधान वादपत्रात असावे लागते. सहकारी संस्थेवरील दाव्यापूर्वी निबंधकाला द्यावयाची नोटीस राज्याच्या सहकारी संस्था अधिनियमातील कलम १६४ खाली येते. तिचा विचार स्वतंत्र आहे, आणि एकीचा मसुदा दुसरीला जोडून दिल्याने कित्येक दावे अडखळतात, एवढे सांगून मी तो विषय सोडतो.

आता या कलमाच्या कठोरपणाचा जो सर्वांत प्रसिद्ध दाखला, तो आपल्याच महाराष्ट्रातील, नाशिक जिल्ह्यातील मालेगावचा आहे, हे आपल्यापैकी अनेकांच्या ध्यानात नसेल. १९२१ साली मालेगावात दंगल झाली. त्यानंतर सरकारने मुंबई जिल्हा पोलीस अधिनियमाचा आधार घेऊन नुकसानीची रक्कम गावच्या रहिवाशांकडून वसूल करण्याचा हुकूम काढला. ही वसुली बेकायदेशीर आहे असे जाहीर व्हावे आणि ती मनाई हुकुमाने थांबवावी, म्हणून भागचंद दगडूसा गुजराथी आदी रहिवाशांनी दावा लावला. नोटीस त्यांनी दिली होती, परंतु दोन महिने पुरे होण्यापूर्वीच दावा दाखल केला, कारण दोन महिने थांबावे तर तोवर वसुली होऊन जाणार आणि मनाई हुकूम मागण्यात काही अर्थच उरणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या काही पूर्वीच्या निर्णयांत अशा मनाईच्या दाव्यांना या कलमातून सूट आहे असे मत व्यक्त झालेले होते, आणि वादींचा भरवसा त्यावर होता. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. १९२७ साली निकाल लागला तो असा की, कलमाचे शब्द स्पष्ट आहेत, बंधनकारक आहेत, आणि त्यांत न लिहिलेला अपवाद न्यायालयाने आपल्या पदरचा घालावयाचा नाही.

या निकालाला निर्दय म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि तरुणपणी मीही त्यांपैकी एक होतो. पुढे मला जाणवले की या निकालात दोन प्रश्न एकत्र गुंतलेले आहेत, आणि त्यांची उकल न केल्यामुळेच आपण नोटिशीच्या दोषांविषयी गोंधळात पडतो. मालेगावकरांच्या नोटिशीतील शब्दांत काही दोष होता असे नव्हे. दोष काळाचा होता. सरकारला विचार करण्यासाठी कायद्याने दिलेली मुदत त्यांनी मधेच तोडली. ही तक्रार आणि ‘नोटिशीत वादीचे नाव अपुरे आहे’ ही तक्रार, दोन्ही एकाच कलमाखाली मांडल्या जात असल्या तरी त्या एका जातीच्या नाहीत. पहिलीत विचाराची संधीच हिरावली जाते, तर दुसरीत संधी मिळालेली असूनही ती मिळाली नाही असा कांगावा होऊ शकतो. आज मला जे सांगावयाचे आहे ते एवढ्याच भेदाविषयी.

शब्दांच्या दोषाबाबत सर्वोच्च न्यायालयाची वाट सरळ नव्हती. १९५८ च्या ध्यानसिंग शोभासिंग प्रकरणात न्यायालयाने सांगितले की कलमाचे पालन काटेकोर व्हावे हे खरे, परंतु नोटीस तपासताना व्यवहारबुद्धी सोडून पंडिती कीस काढू नये. मात्र तीनच वर्षांनी, १९६१ साली, एस. एन. दत्त यांच्या रेल्वेविरुद्धच्या प्रकरणात नोटीस ‘एस. एन. दत्त आणि कंपनी’ या नावाने गेली होती आणि दावा एकट्या मालकाने, म्हणजे एस. एन. दत्त यांनी लावला होता, एवढ्यावरून नोटीस देणारा व वादी हे एकच नव्हेत असे ठरून दावा टिकला नाही. वस्तुतः एका मालकाच्या दुकानाला मालकाहून वेगळे अस्तित्व नसते, आणि पत्र वाचणाऱ्या रेल्वेच्या कारकुनाला पैसे कोण मागत आहे याविषयी कसलाही संभ्रम पडला असेल असे मला वाटत नाही. १९६९ साली रघुनाथ दास यांच्या प्रकरणात हेच बिकट दुखणे पुन्हा आले. पेढीच्या नावाची नोटीस, दावा मालकाचा. त्या वेळी न्यायालयाने नोटीस संपूर्ण वाचली, तीवरून रघुनाथ दास हेच एकमेव मालक आहेत हे कळून येते असा निष्कर्ष काढला, आणि शासनाला विचार करून तंटा मिटविण्याची संधी मिळावी हा कलमाचा हेतू असल्याचे सांगून दावा राखला. दोन्ही नोटिशींत शब्दांचा फरक होता हे मी मान्य करतो, तथापि खरा फरक वाचणाऱ्याच्या दृष्टीत होता असे माझे मत आहे.

विधी आयोगाला तर हे कलमच नकोसे झाले होते. १९५८ च्या चौदाव्या अहवालात, पुढे सत्ताविसाव्यात आणि चोपन्नाव्यात, ते काढून टाकावे अशी शिफारस झाली. संसदेने ते काढले नाही. १९७६ च्या दुरुस्तीने, जी १ फेब्रुवारी १९७७ पासून अंमलात आली, त्याला दोन पोटकलमे जोडली, आणि मालेगावपासून चालत आलेल्या दोन्ही प्रश्नांची तेथे निरनिराळी सोय केली.

पोटकलम (३) हे शब्दांच्या दोषासाठी आहे. नोटिशीत चूक किंवा उणीव आहे एवढ्याच कारणाने दावा फेटाळता येत नाही, मात्र तीन गोष्टी असल्या पाहिजेत. नोटीस देणाऱ्याची ओळख पटेल इतपत त्याचे नाव, वर्णन व ठिकाण दिलेले असावे. नोटीस योग्य अधिकाऱ्याकडे किंवा त्याच्या कार्यालयात पोचलेली असावी. आणि दाव्याचे कारण व दाद यांचा भरीव निर्देश झालेला असावा. वाक्यरचना ढिसाळ असो, कलमाचा आकडा चुकलेला असो, रकमेच्या बेरजेत गफलत असो, वाचणाऱ्याला निर्णय घेता आला असता की नाही, हीच आता कसोटी आहे. परंतु ध्यानात घ्या, की योग्य अधिकाऱ्याकडे पोचणे ही अट पोटकलमाने माफ केलेली नाही, उलट तीच क्षमेची पूर्वअट केली आहे. माझ्या त्या विहिरीच्या दाव्याला पोटकलम (३) नेही वाचविले नसते, आणि ते योग्यच झाले असते असे मी आज म्हणतो, कारण जो निर्णय घेऊ शकत होता त्याच्यापर्यंत माझे पत्र गेलेच नव्हते.

पोटकलम (२) हे काळासाठी आहे. तातडीची दाद हवी असेल तर न्यायालयाची परवानगी घेऊन नोटिशीवाचून दावा लावता येतो. तथापि शासनाला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय कोणतीही दाद द्यावयाची नाही, आणि उभय पक्ष ऐकून तातडी नाही असे दिसले तर वादपत्र परत करावयाचे, म्हणजे वादीने नोटीस देऊन ते पुन्हा दाखल करावे. मालेगावकरांना हाच दरवाजा हवा होता. तो पन्नास वर्षांनी उघडला, पण तो उघडताना आपण एक चूक करतो. परवानगीचा अर्ज वादपत्राला जोडला, दाव्याला नंबर पडला, समन्स निघाले, म्हणजे परवानगी मिळाली असे आपण धरून चालतो. केरळ राज्य विरुद्ध सुधीर कुमार शर्मा या २०१३ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की परवानगी अध्याहृत धरता येत नाही, अर्जावर हुकूम झाला पाहिजे. तेव्हा पहिल्याच तारखेला त्या अर्जाचा तगादा लावणे हे वादीच्या वकिलाचे काम आहे.

जेथे तातडी नाही आणि परवानगीही नाही, तेथे काळाचा दोष आजही भरून निघत नाही. १९८४ च्या बिहारी चौधरी प्रकरणात नोटीस दिलेली होती, शब्दांबाबत तक्रार नव्हती, केवळ दोन महिने पुरे होण्यापूर्वी दावा लागला होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो राखला नाही.

आता हे सारे एका काल्पनिक प्रकरणात लावून पाहू. समजा, तालुक्याच्या गावी एका गृहस्थाने आपल्या वाड्याच्या खालच्या मजल्याच्या खोल्या शासनाच्या गोदामासाठी वार्षिक भाड्याने दिल्या आहेत, आणि ९६,००० रुपयांचे एका वर्षाचे भाडे १२ जून २०२२ रोजी देय होऊनही मिळालेले नाही. भाड्याच्या थकबाकीसाठी मुदत तीन वर्षांची, म्हणजे १२ जून २०२५ पर्यंत. गृहस्थ कचेरीत खेटे घालीत राहिला आणि मे महिना उजाडल्यावर वकिलाकडे आला. वकिलाने नोटीस लिहून २० मे २०२५ रोजी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक बारनिशीत नोंदविली, तारखेसह पोच घेतली. आता दोन महिने म्हणजे साठ दिवस नव्हेत. कायद्यातील महिना इंग्रजी कॅलेंडरचा आणि नोटीस पोचल्याचा दिवस वगळावयाचा, तेव्हा मुदत २० जुलै रोजी संपेल. साठ दिवस मोजून जो १९ जुलैला दावा लावील, त्याने दोन दिवसांसाठी बिहारी चौधरींची गत स्वतःवर ओढवून घेतली. २१ जुलै हा पहिला सुरक्षित दिवस.

पण १२ जून तर मधेच उलटून गेला! येथे घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण मुदत अधिनियमाच्या कलम १५(२) प्रमाणे नोटिशीचा काळ मुदतीतून वजा होतो, आणि मुदत दोन महिन्यांनी लांबून १२ ऑगस्ट २०२५ पर्यंत जाते. म्हणजे या वादीच्या हाती २१ जुलै ते १२ ऑगस्ट अशी तीन आठवड्यांची खिडकी आहे. ही खिडकी प्रत्येक प्रकरणात कागदावर रेखून ठेवावी, असे मी माझ्या हाताखालच्या वकिलांना सांगत आलो आहे. जो मुदतीच्या भीतीने १० जूनला दावा लावतो तो काळाच्या दोषात सापडतो. जो नोटीस १२ जूननंतर देतो त्याला हे कलम मुळीच वाचवीत नाही, कारण संपलेली मुदत नोटिशीने जिवंत होत नाही.

आता समजा, जुलैच्या पहिल्या आठवड्यात तो गृहस्थ वारला. त्याच्या मुलांनी पुन्हा नोटीस द्यावी काय? १९८४ च्या घनश्याम दास प्रकरणात नेमका हाच प्रश्न होता. वडिलांनी नोटीस दिली, ते वारले, मुलांनी दावा लावला, आणि सर्वोच्च न्यायालयाने वडिलांची नोटीस पुरेशी मानली. शासनाला मागणी कोणती आणि कशाबद्दल हे कळले होते, विचारास दोन महिने मिळाले होते. मागणारा बाप गेला आणि मुलगे आले, याने त्या विचारात कसलाही फरक पडत नाही. परंतु दाव्यात मुलांनी पुढच्या वर्षाचेही थकलेले भाडे घातले, ज्याचा नोटिशीत उल्लेखच नव्हता, तर तेवढ्या भागापुरता शासनाचा आक्षेप खरा ठरेल, कारण त्या रकमेविषयी विचार करण्याची वेळ त्याला कधीच मिळाली नव्हती.

आणि दावा सदोष ठरलाच तर? वादपत्र नामंजूर झाले तरी त्याच कारणावर नवे वादपत्र दाखल करण्यास संहिता आडकाठी करीत नाही. आडकाठी करते ती मुदत. मधल्या काळाबद्दल मुदत अधिनियमाच्या कलम १४ ची सवलत मागता येते, तथापि वादी दक्षतेने आणि सद्हेतूने चालला होता हे पटवावे लागते, आणि वकिलाच्या निष्काळजीपणाचे ओझे कित्येकदा पक्षकाराच्या माथी बसते. उलट शासनाकडूनही दोष हातचा निसटू शकतो. नोटिशीचा हक्क शासनाच्या लाभासाठी आहे, म्हणून तो सोडता येतो, असे वेल्लयन चेट्टियार प्रकरणात १९४७ साली प्रिव्ही कौन्सिलने मानले आणि तेच आजही चालते. कैफियतीत आक्षेप न घेता, मुद्दा न काढता, साक्षीपुरावा होऊ देऊन शेवटच्या युक्तिवादात नोटिशीचा दोष काढणाऱ्या सरकारी वकिलाला न्यायालयाने ऐकू नये, आणि ऐकतही नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, आणि येथे माझ्या मनातील खेद मी लपविणार नाही. ज्या दोन महिन्यांसाठी मालेगावच्या रहिवाशांचा दावा बुडाला, ज्यांच्यासाठी आपण एकेक दिवस मोजतो, त्या दोन महिन्यांत कचेरीत प्रत्यक्षात घडते काय? नोटीस बारनिशीत चढते, एका टेबलावरून दुसऱ्यावर जाते, ‘संबंधितांकडे योग्य कार्यवाहीस्तव’ असा शेरा मिळवते, आणि दावा दाखल झाल्यावर समन्स येईपर्यंत नस्तीत पडून राहते. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी १९७८ सालीच एका निकालात याबद्दल शासनाची कानउघाडणी केली होती. २००५ साली सेलम वकील संघाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नमूद केले की बहुसंख्य नोटिशींना उत्तरच जात नाही, किंवा जाते ते मोघम व टाळाटाळीचे असते. म्हणून नोटिशींना विचारपूर्वक उत्तर देण्यास जबाबदार असा अधिकारी प्रत्येक शासनाने नेमावा असा निर्देश त्याने दिला, आणि उत्तर न देणाऱ्या वा टाळाटाळीचे उत्तर देणाऱ्या शासनावर खर्च बसविण्याचा मार्गही दाखविला. नोटिशीतील एका नावाची चूक दाव्याला बाधक ठरावी आणि उत्तराचा पूर्ण अभाव मात्र कुणालाच बाधक ठरू नये, हे कलमाच्या हेतूशी विसंगत आहे. सूचना देण्याचे कर्तव्य ज्यासाठी लादले, तो विचार झालाच नाही, तर त्या कर्तव्यातील बारीकसारीक उणिवांचा आधार घेण्याचा नैतिक अधिकार शासनाला कोठून मिळतो?

म्हणून या परिषदेपुढे माझी एक व्यवहारातील सूचना आहे, आणि तिचा ठराव दुपारच्या सत्रात चर्चेला यावा अशी विनंती करतो. वादीच्या वतीने दाखल होणाऱ्या प्रत्येक वादपत्रात, नोटीस दिल्याच्या विधानाखालीच, नोटीस कोणत्या तारखेला कोणत्या कार्यालयाच्या बारनिशीत कोणत्या क्रमांकाने नोंदली गेली, आणि तिला उत्तर मिळाले की नाही, मिळाले असेल तर कोणत्या अधिकाऱ्याच्या सहीचे, हे आपण सर्वांनी लिहावे. आणि जेथे उत्तर मिळालेले नाही तेथे, निकाल कोणत्याही बाजूने लागो, खर्चाच्या हुकुमाच्या वेळी त्या रिकाम्या जागेकडे न्यायालयाचे लक्ष वेधण्यास कुणीही कचरू नये. या जिल्ह्यातील सरकारी वकील मित्र येथे उपस्थित आहेत, त्यांनाही मी सांगतो, की हा आपल्याविरुद्धचा ठराव नाही. आपल्या हाती कैफियत लिहिण्यासाठी नस्ती येते तेव्हा तिच्या तळाशी ती नोटीस वाचलीच न गेलेली आपल्यालाही आढळते, हे आपण मला खाजगीत अनेकदा सांगितले आहे.